पत्राला जोडलेलं पान

ता. ३, सोमवार

आठ वाजता डावी कुस. दहाला पाठ. बाराला उजवी. घट्ट पाणी अकरा चमचे, ठसका नाही.

ही वही ह्यासाठीच आहे. यांना झटका आला आणि उजवं अंग गेलं, वाचा गेली, त्याला आता तीन महिने होत आले. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. किती वाजता कुठली कूस, किती चमचे पोटात गेले, हे लिहायला वॉर्डातल्या एका नर्सनं मला वही दिली. मी म्हटलं, बाई, माझी शाळा चौथीपर्यंत, तीही रडत. म्हणाली, "आजी, डावी, उजवी आणि पाठ एवढं लिहिता येतं ना? मग झालं."

पण पानावर जागा उरते. कोरी जागा बघवत नाही म्हणून मी खाली काहीबाही लिहिते. दिवसभर बोलायचं कुणाशी? हे बोलत नाहीत. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा बोलतो, पण तो मला त्याची मेव्हणी समजतो आणि एका जुन्या भांडणावरून शिव्या देतो.

त्या नर्सचं नाव मी घड्याळ ठेवलंय. तोंडावर नाही म्हणत. दोन तास झाले की आलीच. चेहरा असा की हसायला वेगळा पगार लागत असावा. आणि काम मला लावते. चादर ओढायला मी, गुडघा दुमडायला मी, पोटरीखाली उशी सरकवायला मी. पगार ती घेते आणि राबते मी.

आज तिनं आपणहून सांगितलं. "आजी, पंधरा तारखेला शनिवारी माझा इथला शेवटचा दिवस. गावाकडच्या दवाखान्यात चालले. आई अंथरुणाला खिळलीय."

मी म्हटलं, "बरं."

आणखी काय म्हणणार? माझी कोण लागते ती?

दोनला डावी.

ता. ५, बुधवार

घरी सांगितलं की ती नर्स चालली. सूनबाई लगेच म्हणाली, "आई, मग आपण काहीतरी द्यायला हवं. साडी देऊ, नाहीतर घड्याळ." मला हसू आलं. घड्याळाला घड्याळ.

थोरला म्हणाला, पत्र देऊ, सगळ्यांच्या सह्यांचं. तो ऑफिसात निरोपाची पत्रं लिहितो, कुणी निवृत्त झालं की ह्यालाच बोलावतात. नात म्हणाली, मी कार्ड आणते, गुलाबाचं.

ही माणसं रविवारी तासभर येतात, यांच्या पायाशी उभी राहतात, आणि बाबा आज फ्रेश दिसतात म्हणून जातात. त्यांना त्या नर्सचं तोंड तरी आठवतं का कुणास ठाऊक.

चौदा चमचे. दोनदा ठसका, पण हलका.

ता. ९, रविवार

पत्राची बैठक झाली. थोरल्यानं वाचून दाखवलं. "आपल्या अमूल्य, निःस्वार्थ व अहोरात्र सेवेबद्दल आमचे कुटुंब आपले सदैव ऋणी राहील. आपल्या भावी वाटचालीस हार्दिक शुभेच्छा."

मी म्हटलं, "हे कुणासाठी?"

"म्हणजे काय आई? सिस्टरसाठी."

"हेच मागच्या वर्षी तुमच्या त्या टकल्या साहेबाला दिलं होतंस. तेव्हा पण घरात वाचून दाखवलं होतंस. अहोरात्र तर ती नसतेच. आठ ते चार असते."

नात खो-खो हसली. थोरल्याला झोंबलं. "मग तू सांग काय लिहायचं. तिथे तूच असतेस."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला एकच गोष्ट आठवली आणि ती सांगण्यासारखी नव्हती. मी म्हटलं, गॅसवर दूध आहे, आणि उठले. दूध नव्हतं.

ता. १०, सोमवार

सूनबाईनं मला मोठ्या सिस्टरांकडे विचारायला पाठवलं, साडी चालेल का म्हणून. मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख. काचेच्या खोलीत बसतात, चष्मा नाकाच्या टोकावर.

"वस्तू चालत नाही, आजी. पाकीट तर नाहीच. दिलंत तर तिला परत करावं लागेल, आणि जाताना तिलाच अवघड. सगळ्या वॉर्डाला वाटायला बिस्किटांचा पुडा आणा हवा तर."

"आणि पत्र?"

"पत्र आणा की. पण चांगलं आणा." मग त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. वॉर्डचा नंबर घाला. कधीपासून कधीपर्यंत तिनं बघितलं त्या तारखा घाला. डोळ्यांनी बघितलेली एक तरी गोष्ट लिहा, कारण फार छान, देवासारखी, असलं वाचून कुणाला काही कळत नाही. आजाराचं तपशीलवार वर्णन गुलाबाच्या कार्डावर नको, कार्ड चार लोक बघतात. ते पत्रात, बंद पाकिटात. "मूळ पत्र तिचं. एक प्रत मी तिच्या फाईलला लावते. नव्या ठिकाणी विचारतात, ही कशी होती, तेव्हा फाईल बोलते. आणि शेवटच्या दिवशी आणू नका. त्या दिवशी तिला चाव्या द्यायच्या, पेशंट सोपवायचे, वाचायला सवड नसते. गुरुवारपर्यंत आणा."

संध्याकाळी थोरल्याला सगळं सांगितलं. त्यानं नवा कागद घेतला. "बोल, एक गोष्ट."

मी टाचेची गोष्ट दिली. पहिल्या आठवड्यात यांच्या डाव्या टाचेवर लाल डाग आला होता, रुपयाएवढा. नर्सनं माझं बोट धरून त्यावर दाबलं. "लाली गेली आणि पांढरं झालं तर बरं. नाही गेली तर आत जखम सुरू झाली." नाही गेली. मग तिनं पोटरीखाली उशी लांबीनं घातली, टाच हवेत. गादीला टाच लागायचीच नाही. रोज येऊन टाचेखालून हात फिरवायची, हात अडकला तर उशी पुन्हा. बाराव्या दिवशी डाग गेला.

थोरला लिहिता लिहिता थांबला. "मला माहीतच नव्हतं हे."

"तू पायाशी उभा असतोस. चादर वर करून बघितलीस का कधी?"

नंतर वाटलं, बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलं ते गेलं.

पत्र चांगलं झालं. सगळ्यांनी सह्या केल्या, नातीनंसुद्धा. मी पण केली. आता लिहायला काही उरलं नाही.

ता. ११, मंगळवार

उरलं आहे.

मागच्या महिन्याची एकोणीस तारीख. ह्या वहीत त्या दिवशी मी फक्त "दुपारी घट्ट पाणी नाही" एवढंच लिहिलंय. खोटं नाही, पण खरंही नाही.

यांना साधं पाणी द्यायचं नाही. झटक्यानं गिळायची शक्ती गेलीय, पातळ पाणी सरळ फुप्फुसात उतरतं. पाण्यात पावडर घालून ते घट्ट करायचं, यांना ताठ बसवायचं, हनुवटी खाली, अर्धा चमचा द्यायचा, गळ्याची गाठ वर जाऊन खाली आली की मगच पुढचा. हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

पण त्या दिवशी उकाडा मरणाचा. हे माझ्या तांब्याकडे बघत होते. नुसते बघत होते. पन्नास वर्षं ह्या माणसानं मला कधी काही मागितलं नाही, जे पाहिजे ते ओरडून घेतलं. आणि आता डोळ्यांनी मागत होते. मी दोन चमचे साधं पाणी घातलं.

ओठ निळे पडले. असा ठसका की खाट हलली. घड्याळ धावत आली, यांना पुढे वाकवलं, नाकातून नळी घालून मशीननं ओढलं, प्राणवायू लावला. मी भिंतीला चिकटून. रंग परत आल्यावर ती माझ्याकडे वळली. ओरडेल असं वाटलं. म्हणाली, "आता तीन दिवस ताप बघावा लागेल."

मी तिचा हात धरला. माझ्या मुलाला सांगू नका म्हटलं. त्याला कळलं तर तो पगारी बाई ठेवेल आणि मला घरी बसवेल. घरी मी काय करू? त्या घरात सकाळी आठनंतर फक्त फ्रिज बोलतो.

ती म्हणाली, "तुमच्या मुलाला मी सांगायला जाणार नाही, आजी. ते तुमचं काम. पण मला जे लिहायचं ते मी लिहिणार." आणि गेली. तिनं कुणाला सांगितलं नाही. आजवर नाही.

ताप आला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बघून गेल्यावर तिनं घट्ट पाण्याची वाटी आणली आणि चमचा माझ्या हातात दिला. माझ्याच. "द्या. मी बघते." अर्धा चमचा घालून मी थांबले. गाठ वर गेली, खाली आली. "पुढचा," ती म्हणाली. त्या दिवसापासून सगळं माझ्याकडून करून घ्यायला लागली. त्याआधी नुसतं सांगायची. मला वाटलं, शिक्षा देते.

तर हे मी आज वहीच्या पानावर लिहिलं, पान फाडलं, आणि थोरल्याचं पाकीट अजून उघडं होतं त्यात पत्राच्या मागे सरकवलं. तोंडावर द्यायची माझी हिंमत नाही. ती वाचेल आणि मी समोर असेन, नको. लिहिलं ते असं:

"बाई, एकोणीस तारखेला पाणी मी पाजलं. तुम्ही नको सांगितलं होतं. तुम्ही यांना वाचवलं ते तुमचं कामच आहे. पण दुसऱ्या दिवशी चमचा माझ्या हातात परत दिलात. तो काढून घेतला असता तर मी परत आले नसते. एवढंच. आईकडे नीट जा."

ता. १२, बुधवार

सोळा चमचे. ठसका नाही.

घड्याळानं आज विचारलं, "आजी, तुम्ही गप्प का?" मी म्हटलं, दाढ दुखते. तिनं तोंड उघडायला लावून बॅटरीनं बघितली. "दाढच नाही तिथे," म्हणाली.

ता. १३, गुरुवार

माझ्या अकलेचं काय सांगू.

थोरला ऑफिसला जाता जाता पाकीट देऊन आला. मला वाटत होतं नर्सच्या हातात देईल. संध्याकाळी जेवताना म्हणतो, "मोठ्या सिस्टरना दिलं, उघडंच. त्या प्रती काढून घेतील. एक फाईलला, आणि एक मी आपल्यासाठी मागितलीय. उद्या संध्याकाळी घेऊन येईन."

मोठ्या सिस्टरांनी स्वतः मला सांगितलं होतं, एक प्रत फाईलला. माझ्या कानांनी ऐकलं, थोरल्याला जसंच्या तसं सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच पाकिटात हे पान घातलं. तिनं माझी चूक झाकली होती, ती मीच तिच्या वरच्या बाईच्या टेबलावर नेऊन ठेवली. जाताना तिच्यावर ठपका येणार. आणि थोरल्याच्या हातात प्रत.

ताट तसंच ठेवून उठले. सूनबाई म्हणाली, आई, बरं नाही का, उद्या जाऊ नका, मी रजा टाकते. काय टपलेली असते ही.

ता. १४, शुक्रवार

पावणेआठलाच काचेच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. मोठ्या सिस्टर आल्या, पर्स ठेवली, मला बघितलं आणि म्हणाल्या, "बसा. तुमचं पान वाचलं मी."

मी म्हटलं, "तिचं काही चुकलं नाही. मीच गळ घातली होती तिला, लपवा म्हणून. माझ्यापायी तिला काही करू नका."

"तिनं काय लपवलं?"

त्यांनी कपाटातून यांची जाड फाईल काढली. पानं उलटली, एकावर बोट ठेवलं आणि चष्मा मलाच दिला. अक्षर तिचंच, सरळ, आखल्यासारखं. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. एकोणीस तारीख, दुपारी साडेतीन. पत्नीने साधे पाणी दोन चमचे दिले. ठसका, ओठ निळे. नळीने स्राव काढला. डॉक्टरांना तीन पस्तीसला कळवले. तीन दिवस चार-चार तासांनी ताप. आणि खाली: "पाणी देण्याची पद्धत पत्नीला मी तोंडी सांगितली होती, करून घेतली नव्हती. ती त्रुटी माझी. उद्यापासून करून घेईन."

त्याच दिवशी लिहिलेलं. सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांना, मोठ्या सिस्टरांना, रात्रपाळीवालीला. एक महिना मी ह्या वॉर्डात चोरासारखी फिरले आणि सगळ्यांना माहीत होतं.

"मला कुणी बोललं का नाही?"

"काय बोलायचं? तुम्ही करताय की नीट." त्यांनी पाकीट पुढे केलं. "प्रती अजून काढल्या नाहीत. पत्र सगळ्या घराचं आहे. हे पान त्याचा भाग असेल तर त्यावरही सगळ्यांची सही लागेल. नाहीतर मी वेगळं काढते, तिला खासगी देते, फाईलला लागणार नाही. पण आजी, पस्तीस वर्षं मी ही पत्रं लावतेय. टाचेची गोष्ट चांगली आहे, पण टाच दुसरीनंही वाचवली असती."

पान घेऊन मी यांच्या खाटेशी बसले. आठला डावी, दहाला पाठ, बाराला उजवी. दिवसभर ते पान पदराच्या गाठीत.

साडेसहाला थोरला आला, प्रत घ्यायला. मी पान त्याच्या हातात दिलं. वाचायला किती वेळ लावला त्यानं. माझं अक्षर वाईट आहेच, पण एवढं नाही.

"आई, साधं पाणी?"

"हो."

"बाबा गेले असते."

"हो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"नाही."

खाटेचा कठडा धरून उभा राहिला. ह्या खेपेला पायाशी नाही, उशाशी. यांचा डावा हात चादरीवर होता तो त्यानं उचलला आणि परत ठेवला, कुठे ठेवायचा कळत नसल्यासारखा.

"मग आता मी काय करू, सांग."

"सही कर," मी म्हटलं.

केली. खिडकीच्या कट्ट्यावर पान ठेवून केली. मग बायकोला फोन लावला आणि बाहेर जाऊन बराच वेळ बोलला. मी ऐकायला गेले नाही. परत येऊन म्हणाला, "सोमवारपासून सकाळी एक बाई येईल. सकाळी आठ ते दोन. तुझं वय झालंय आई, हात थरथरतात तुझे. दोननंतर तू ये."

भांडायचं मनात होतं. पण हात थरथरतात हे खरं आहे.

सूनबाईनं आणि नातीनं घरी सह्या केल्या. सूनबाईनं माझ्या ताटात पोळी वाढली ती मोडून, लहान मुलाला वाढतात तशी. मला राग यायला हवा होता.

ता. १५, शनिवार

पाकीट सकाळी मोठ्या सिस्टरांना दिलं. बिस्किटांचे दोन पुडे वॉर्डाच्या मावशीनं सगळ्यांना वाटले. म्हातारा दोन घेऊन मला म्हणाला, अगं मेव्हणे, माफ केलं तुला. चला, एक तरी मिटलं.

घड्याळाला आज दिवसभर उसंत नव्हती. चाव्या, औषधांचं कपाट, प्रत्येक खाटेशी नव्या नर्सला घेऊन उभी राहून सांगणं. यांच्यापाशी आली तेव्हा म्हणाली, "ह्यांची डावी टाच बघत जा. आणि पाणी ह्यांची पत्नी देते. तिला येतं."

नवी नर्स वयानं नातीएवढी. माझ्याकडे बघून तिनं कागदावर लिहिलं.

पावणेचारला घड्याळ एकटी आली. पाकीट तिच्या हातात उघडलेलं. पडद्याशी उभी राहून तिनं पत्र वाचलं, घडी घातली. मग मागचं पान वाचलं. ते पुन्हा वाचलं. मी यांच्या उशीचा अभ्रा नीट करत बसले, तो नीटच होता.

ती काही बोलेल असं वाटलं. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, "बरं बरं" असं. तिनं पान पत्राच्या आत घातलं, पाकीट एप्रनच्या खिशात, आणि वर बटण लावलं. घड्याळाकडे बघितलं. भिंतीवरच्या.

"आजी, चार वाजले."

मी उठले. यांचा गुडघा मी दुमडला, खांदा तिनं धरला. एक, दोन, तीन म्हणायची गरज पडली नाही. मानेखाली उशी मी लावली, पोटरीखाली तिनं. मग तिनं हात मागे घेतला आणि वाट बघत उभी राहिली. मी टाचेखालून हात फिरवला. अडकला नाही.

"जाते," ती म्हणाली. यांना म्हणाली, मला नाही. हे डोळे मिटून होते. मग दारातून वळून मला, "वही चालू ठेवा."

"आईची कूस बदलायला कोण असतं दिवसा?" मी विचारलं. मला ते इतके दिवस विचारायचं सुचलं नव्हतं.

"शेजारीण. मी तिला शिकवीन."

बूट वाजत नाहीत तिचे. गेली ते कळलंच नाही.

ता. १७, सोमवार

सकाळी घरी. पगारी बाई गेली असेल. फ्रिज बोलतोय. भांडी दोनदा घासली. साडेबाराला कपडे करून बसले, दोनला जायचं म्हणून.

नव्या नर्सनं दारात अडवलं, शनिवारचं माझं तोंड ती विसरली होती. "आपण कोण?" मी म्हटलं, पाणी देणारी. तिनं कागद बघितला आणि आत सोडलं.

पगारी बाईचं चाललंय बरं. पण उशी आडवी घातली होती. मी तिला नुसतं सांगितलं नाही. उशी काढली, तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "घाल. मी बघते."

चारला पाठ, नवीनं. एक, दोन, तीन मोठ्यानं म्हणाली, सगळा वॉर्ड जागा केला.

बारा चमचे. हे पाणी पिताना दाराकडे बघत होते. मी म्हटलं, ती गेली. पुढचा.

सहाला उजवी. टाच मोकळी.